माहितीच्या अर्जाला उत्तर नाही, मुदतही उलटली: आता अपील कसं करायचं?

वाचकाचं पत्र

मी तालुक्याच्या गावी राहते. आमच्या गल्लीतला काँक्रीटचा रस्ता पहिल्याच पावसाळ्यात उखडला, म्हणून नगरपरिषदेकडे माहिती अधिकाराचा अर्ज स्पीड पोस्टाने पाठवला. सहा गोष्टी मागितल्या: अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची प्रत, ठेकेदाराला दिलेली बिलं, रस्ता इतक्या लवकर का उखडला याचं उत्तर, आणि त्याला जबाबदार कोण. अर्ज 3 मार्चला तिथे पोचला. आज 20 एप्रिल, अजून काहीच आलेलं नाही. बांधकाम विभागातले साहेब ओळखीचे आहेत. फोनवर म्हणाले, "वहिनी, फाइल शोधतोय, अपील वगैरे कशाला करता? आणि माहिती हवीये कशासाठी?" स्मरणपत्र पाठवू का? की नवा अर्ज करू? पुतण्या म्हणतो, थेट माहिती आयोगाकडे तक्रार कर. अपील केलं तर साहेबांची नोकरी अडचणीत येईल का, याचीही काळजी वाटते. वकील लागतो का?
— एक वाचक

उत्तर

ताई, तुम्ही उत्तराची वाट पाहताय. कायद्याच्या हिशेबाने मात्र उत्तर केव्हाच मिळालेलं आहे आणि ते नकाराचं आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 7(1) प्रमाणे अर्ज मिळाल्यापासून 30 दिवसांत माहिती द्यायची किंवा कारण देऊन नाकारायची असते. यातलं काहीच झालं नाही तर जन माहिती अधिकाऱ्याने माहिती नाकारली असं मानायचं, हे कलम 7(2) मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. अर्ज 3 मार्चला पोचला. दुसऱ्या दिवसापासून मोजलं तर तिसावा दिवस 2 एप्रिल येतो. म्हणजे 3 एप्रिलपासून तुमच्या हातात नकार आहे, फक्त तो कागदावर उतरलेला नाही.

हे आधी सांगण्याचं कारण असं की 2 एप्रिलला एक मुदत संपली आणि त्याच दिवसापासून दुसरी सुरू झाली. ही दुसरी मुदत तुमची आहे. पहिलं अपील कलम 19(1) खाली आधीची मुदत संपल्यापासून 30 दिवसांत करायचं असतं, म्हणजे तुमच्यासाठी 2 मेपर्यंत. सुट्ट्या यात वगळल्या जात नाहीत, आणि 1 मे महाराष्ट्र दिनाची सुट्टी आहे. तेव्हा शेवटच्या आठवड्यावर टाकू नका, या दोन-चार दिवसांतच अपील द्या. तारीख चुकली तर सबळ कारण दाखवून उशीर माफ करून घेता येतो, पण ते अपिलीय अधिकाऱ्याच्या समाधानावर असतं. "साहेब फोनवर थांबा म्हणाले" हे कारण तिथे फार टिकत नाही, कारण त्या फोनचा पुरावा तुमच्याकडे नाही.

अपील लिहायला बसण्याआधी एक फेरी मात्र नगरपरिषदेत मारा, आणि ती साहेबांच्या टेबलाकडे नको, आवक-जावक विभागात मारा. दोन गोष्टी विचारा. तुमच्या अर्जाला आवक क्रमांक कोणता पडला, आणि तुमच्या नावाने एखादं पत्र जावक झालं आहे का? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. कधी कधी मुदतीच्या आतच "अमुक पानांचे इतके रुपये भरा" असं पत्र निघालेलं असतं आणि ते पोस्टात अडकलेलं किंवा चुकीच्या पत्त्यावर गेलेलं असतं. तसं असेल तर ते पत्र रवाना झाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस 30 मधून वगळले जातात, आणि तुमचं सगळं गणित बदलतं. दुसरी शक्यता अशी की रस्ता नगरपरिषदेने न करता सार्वजनिक बांधकाम विभागाने केलेला असतो. तसं असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडे हस्तांतरित करून तुम्हाला कळवणं नगरपरिषदेचं काम होतं. तुम्हाला असं कोणतंच पत्र आलं नसेल आणि जावक नोंदवहीतही काही नसेल, तर 2 एप्रिल हीच तारीख धरून चला. स्पीड पोस्टाचा माग संकेतस्थळावर दिसत असेल तोवर त्याची छापील प्रतही काढून ठेवा. अर्ज पोचल्याची तारीख सिद्ध करणारा तुमच्याकडचा कागद तोच आहे.

आता तुमच्या तीन पर्यायांबद्दल. स्मरणपत्र पाठवायला बंदी नाही, पण कायद्यात स्मरणपत्र नावाची पायरीच नाही. ते पाठवल्याने कार्यालयाला नवं बंधन येत नाही आणि तुमच्या अपिलाची तारीख एक दिवसही पुढे जात नाही. होतं इतकंच की पाठपुरावा चाललाय असं आपल्याला वाटत राहतं आणि तेवढ्यात 2 मे निघून जाते. मला स्मरणपत्राची भीती वाटते ती यासाठीच. नवा अर्ज केलात तर कार्यालयाला पुन्हा कोरे 30 दिवस मिळतात आणि पहिल्या अर्जावर मिळालेला हक्क तुम्ही स्वतःहून सोडून देता. तो हक्क लहान नाही, त्याबद्दल पुढे सांगते.

पुतण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, म्हणून जरा थांबून सांगते. कलम 18 खाली आयोगाकडे थेट तक्रार करता येते, हे खरं. पण मणिपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2011 मध्ये स्पष्ट केलं की कलम 18 च्या तक्रारीवर आयोग दोषी अधिकाऱ्यावर दंडाची कारवाई करू शकतो, पण माहिती देण्याचा आदेश देऊ शकत नाही. माहिती हवी असेल तर कलम 19 चा, म्हणजे अपिलाचाच रस्ता. तुम्हाला मोजमाप पुस्तिका हवी आहे. तक्रारीतून समजा साहेबांना दंड झाला, तरी ती पुस्तिका तुमच्या हातात येईलच असं नाही.

इथे साहेबांबद्दलच्या तुमच्या काळजीचा मुद्दा येतो. पहिलं अपील म्हणजे कोणाविरुद्ध फिर्याद, हा समज मनातून काढून टाका. पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या, जन माहिती अधिकाऱ्यापेक्षा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे चालतं. त्या अधिकाऱ्याला दंड करण्याचा अधिकारच नाही. दिवसाला 250 रुपये आणि जास्तीत जास्त 25,000 रुपये हा दंड कलम 20 खाली फक्त माहिती आयोग करू शकतो, तोही त्या अधिकाऱ्याचं म्हणणं ऐकून. म्हणजे तुमच्यापुढच्या पर्यायांत साहेबांसाठी सगळ्यात सौम्य पर्याय अपीलच आहे. पुतण्याचा पर्याय त्यांना जास्त महागात पडू शकतो.

शिवाय साहेब खरंच फाइल शोधत असतील ही शक्यताही धरा. बिलं लेखा विभागात असतात, मोजमाप पुस्तिका बांधकामात, आणि लेखापरीक्षण चालू असेल तर दोन्ही आणखी कुठेतरी. कलम 5 प्रमाणे जन माहिती अधिकारी दुसऱ्या अधिकाऱ्याचं सहाय्य मागू शकतो. ज्याच्याकडे मागितलं त्याने सहकार्य करायचं असतं, आणि कायद्याचा भंग झालाच तर तोही जन माहिती अधिकारीच मानला जातो. लेखा विभाग कागद देत नसेल तर साहेबांना हे वरिष्ठांसमोर नोंदवून घेण्याची जागा म्हणजे तुमच्या अपिलाची सुनावणी. त्यांचा पुन्हा फोन आला तर सरळ सांगा की भाऊसाहेब, तुमच्यावर राग नाही, माझी तारीख निघून चालली आहे म्हणून अपील देते, माहिती तयार झाली की लेखी पाठवा. आणि "कशासाठी हवी" या प्रश्नाचं उत्तर देऊ नका. कलम 6(2) प्रमाणे अर्जदाराकडून कारण मागता येत नाही, संपर्कापुरता तपशील सोडून इतर वैयक्तिक माहितीही विचारता येत नाही. एकदा कारण सांगितलं की बोलणं कागदांवरून हटून तुमच्या हेतूवर जातं.

वकील लागत नाही. महाराष्ट्राच्या नियमांत पहिल्या अपिलासाठी "जोडपत्र ब" हा नमुना आहे, अर्जासाठी जसा "जोडपत्र अ" होता तसाच. शुल्क 20 रुपये, सहसा तेवढ्याचं कोर्ट फी स्टॅम्प लावतात. (केंद्र सरकारच्या कार्यालयात, म्हणजे पोस्ट, रेल्वे, भविष्य निर्वाह निधी वगैरे ठिकाणी पहिल्या अपिलाला शुल्क नाही. तो नियम इथे लावू नका, नाहीतर शुल्क नाही म्हणून अपील परत येईल.) ज्यांनी मूळ अर्ज rtionline.maharashtra.gov.in वर केला असेल त्यांनी अपीलही तिथेच, त्याच नोंदणी क्रमांकावर करावं. तुमचा अर्ज पोस्टाने गेला आहे, तेव्हा अपीलही कागदावरच द्या.

अपील कोणाकडे द्यायचं ते कार्यालयातल्या फलकावर असतं. जन माहिती अधिकारी आणि प्रथम अपिलीय अधिकारी यांची नावं आणि पदनामं जाहीर करणं बंधनकारक आहे. नगरपरिषदेत मुख्याधिकारी असतील किंवा त्यांनी नेमलेला दुसरा अधिकारी असेल. नाव कळलं नाही तर "प्रथम अपिलीय अधिकारी, अमुक नगरपरिषद" एवढं पुरतं.

नमुन्यातले बहुतेक रकाने नाव-पत्त्याचे आहेत. लोक अडखळतात ते दोन ठिकाणी. "ज्या आदेशाविरुद्ध अपील आहे तो मिळाल्याची तारीख" इथे "आदेश मिळालेला नाही, कलम 7(2) प्रमाणे मानीव नकार, दि. 2 एप्रिल" असं लिहा. "अपील दाखल करण्याची शेवटची तारीख" इथे 2 मे. मग राहतात अपिलाची कारणे, आणि तिथे फार लोक रस्त्याची, ठेकेदाराची, नगरसेवकाची सगळी कहाणी लिहितात. तो मोह टाळा. अपिलीय अधिकाऱ्याला रस्त्याचा निवाडा करायचा नाही. त्याला एवढंच ठरवायचं आहे की मागितलेले कागद मुदतीत दिले की नाही आणि आता द्यायचे की नाही. तुमचा मजकूर साधारण असा असावा:

"मी दि. … रोजी जोडपत्र 'अ' मध्ये केलेला अर्ज आपल्या कार्यालयास दि. 3 मार्च रोजी प्राप्त झाला आहे (स्पीड पोस्टाची पोच सोबत). कलम 7(1) ची मुदत दि. 2 एप्रिल रोजी संपली. आजपर्यंत मला माहिती, शुल्क भरण्याबाबतचे पत्र, हस्तांतरणाचे पत्र अथवा नकाराचा आदेश यांपैकी काहीही मिळालेले नाही. सबब कलम 7(2) प्रमाणे माहिती नाकारली गेली आहे असे समजून हे अपील करीत आहे. विनंती की, 1) अर्जातील मुद्दा क्र. 1 ते 4 ची माहिती ठरावीक मुदतीत देण्याचा आदेश व्हावा, 2) मुदत उलटल्यामुळे कलम 7(6) प्रमाणे ती विनामूल्य द्यावी, 3) कोणताही अभिलेख उपलब्ध नसल्यास तो कोणाच्या ताब्यात होता व त्याचा शोध कसा घेतला हे लेखी कळवावे, 4) मला सुनावणीची संधी द्यावी."

मुद्दा 1 ते 4 असं मी मुद्दाम लिहिलं. पाचवा आणि सहावा मुद्दा या अपिलात ताणू नका. माहिती म्हणजे कार्यालयाकडे कोणत्या ना कोणत्या रूपात असलेला अभिलेख. रस्ता का उखडला हा प्रश्न योग्य आहे, पण त्याचं उत्तर आधीच कुठे लिहिलेलं नसेल तर ते नव्याने तयार करून द्यायला जन माहिती अधिकारी बांधील नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 2011 मध्ये एका परीक्षा मंडळाच्या प्रकरणात हेच सांगितलं आहे. हे दोन मुद्दे पुढे केले तर सुनावणीचा वेळ त्यांच्यावर जाईल आणि "अर्ज प्रश्नार्थक स्वरूपाचा आहे" असं एक वाक्य लिहून सगळाच अर्ज बाजूला सारायला निमित्त मिळेल.

अपिलाला मूळ अर्जाची प्रत, पोस्टाची पावती आणि पोचल्याचा कागद जोडा. दोन प्रती करा. शक्य असेल तर हातोहात देऊन तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. विनामूल्य माहितीची मागणी लिहायला विसरू नका, कारण मघाशी ज्या हक्काबद्दल बोलले तो हाच. मुदत पाळली नाही तर कार्यालयाला पानामागे 2 रुपयेही घेता येत नाहीत. अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका मिळून पानं बरीच होतात.

अपील पोचलं की हालचाल बहुधा होते, आणि ती नेहमी सरळ असतेच असं नाही. एखाद्या दिवशी तुम्हाला पाकीट येईल. आतल्या पत्रावर तारीख 28 मार्चची असेल आणि पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का 24 एप्रिलचा. म्हणून पाकीट फेकू नका, पत्राला टाचून ठेवा. मुदतीत शुल्काचं पत्र पाठवलं होतं असं नंतर सांगितलं गेलं तर ते पाकीटच तुमचं उत्तर आहे. जावक नोंदवहीत तुम्ही आधीच पाहून आला असाल तर फारच चांगलं. दुसरा प्रकार असा की अर्धी माहिती येते आणि सोबत "अपील मागे घ्या" असा निरोप. चारही मुद्द्यांचे कागद ताडून पाहिल्याशिवाय काहीही लिहून देऊ नका. मोजमाप पुस्तिकेची सगळी पानं आहेत का, शेवटच्या बिलाशी तिचा क्रमांक जुळतो का, एवढं तरी बघा. काही राहिलं असेल तर सुनावणीत लेखी टिपण द्या की मुद्दा अमुकची अमुक पानं मिळालेली नाहीत.

सुनावणीची नोटीस आली तर जा. जाणं सक्तीचं नाही, पण कोणी गेलं नाही तर समोरचं म्हणणं एकतर्फी नोंदलं जातं. माहिती का नाकारली हे योग्य ठरवून दाखवण्याची जबाबदारी कलम 19(5) प्रमाणे जन माहिती अधिकाऱ्यावर आहे, तुमच्यावर नाही, हे ध्यानात ठेवून शांतपणे बसा. तुमच्या तोंडून तीनच गोष्टी यायला हव्यात: अर्ज कधी पोचला, काय मिळालं, काय मिळालं नाही. आदेशात "माहिती द्यावी" एवढंच न येता किती दिवसांत द्यावी हेही यावं असा आग्रह धरा. मुदत नसलेला आदेश कोणी पाळला नाही हे पुढे सिद्ध करणं कठीण जातं.

अपिलीय अधिकाऱ्यालाही मुदत आहे. अपील मिळाल्यापासून 30 दिवस, आणि कारणं लेखी नोंदवली तर एकूण 45 दिवस. तुम्ही उद्या, 21 एप्रिलला अपील दिलंत तर 21 मे ही साधी मुदत आणि 5 जून ही टोकाची. तोवर आदेश नाही, किंवा आदेश होऊनही माहिती नाही, तर पुन्हा पहिलं अपील करायचं नसतं. मग राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करायचं, "जोडपत्र क" मध्ये, 20 रुपये शुल्क भरून, तुमचा जिल्हा ज्या खंडपीठाखाली येतो तिथे. त्याला 90 दिवस मिळतात. आदेशच आला नाही तर दिवस 21 मेपासून मोजा, म्हणजे 19 ऑगस्ट ही सुरक्षित तारीख. दंड आणि नुकसानभरपाई मागायची ती तिथे. पण आयोगापुढे अपिलांचा नंबर लागायला फार वेळ जातो, म्हणून पहिल्या अपिलातच जमेल तेवढं पदरात पाडून घ्या.

राहिले तुमचे पाचवा आणि सहावा मुद्दा. त्यांच्यासाठी वेगळा अर्ज करा आणि प्रश्न न विचारता कागद मागा. काँक्रीटच्या घनांचे चाचणी अहवाल, निविदेतली दोष दायित्व कालावधीची अट, रस्ता उखडल्यानंतर ठेकेदाराला दुरुस्तीसाठी पाठवलेल्या नोटिसांच्या प्रती, आणि मोजमाप नोंदवणाऱ्या व तपासणाऱ्या अधिकाऱ्यांची नावं आणि पदनामं. रस्ता का उखडला आणि जबाबदार कोण, हे या चार कागदांतून तुम्हाला स्वतःलाच वाचता येईल. दोष दायित्वाचा कालावधी अजून चालू असेल तर ठेकेदाराला स्वखर्चाने रस्ता दुरुस्त करायला लावता येतं, म्हणून हा अर्ज लांबवू नका. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण 150 शब्दांत लागतो, त्यात हे सगळं बसतं. हा अर्ज अपिलासोबतच, त्याच फेरीत देऊन टाका आणि त्याचा आवक क्रमांक वेगळा घ्या.